तुकोबांचे गुरू कोण? अभंग काय सांगतात आणि चरित्रं काय सांगतात

माघ शुद्ध दशमी आली की भंडारा डोंगरावर सोहळा असतो, आणि त्याच सुमाराला तुकोबांच्या गुरुपरंपरेचा एक तक्ता सगळीकडे फिरायला लागतो. वर आदिनाथ, मग मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव, पुढे तीन-चार चैतन्य आणि शेवटी तुकोबा. एकाखाली एक बाण काढलेले. यंदा आमच्याकडच्या एका बुवांनी कीर्तनात वेगळाच तक्ता सांगितला. त्यात नाथ नव्हतेच. थेट महाविष्णू, नारद, व्यास आणि मग राघवचैतन्य. कीर्तन संपल्यावर दोघा-तिघांनी मला गाठलं. "खरं कुठलं हो?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी तुकोबा स्वतः काय म्हणतात ते बघू. गुरुकृपेचा त्यांचा एक प्रसिद्ध अभंग आहे. तो इथे उतरवत नाही, गाथा घरोघरी आहे. मजकूर असा: गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं, पण स्वप्नातच त्याचा विसर पडला. काहीतरी अडचण आली असावी, म्हणून गुरू घाईनं निघून गेले. राघवचैतन्य आणि केशवचैतन्य अशी मालिकेची खूण त्यांनी सांगितली. स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं. रामकृष्णहरी हा मंत्र दिला. आणि दिवस होता माघ शुद्ध दशमी, गुरुवार.

एवढंच. आता या अभंगात काय नाही तेही बघा, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. बाबाजींच्या नावापुढे "चैतन्य" नाही. राघव, केशव आणि बाबाजी यांचं एकमेकांशी नातं काय, ते सांगितलेलं नाही. राघवचैतन्यांचे गुरू कोण, ते नाही. गाव नाही. साल नाही. "गंगा" म्हणजे कुठली नदी, तेही नाही, कारण आपल्याकडे कुठल्याही पवित्र नदीला गंगा म्हणायची पद्धत आहे. तुकोबांना जेवढं सांगितलं गेलं तेवढंच त्यांनी नोंदवलं आणि ते थांबले. पुढच्यांना थांबता आलं नाही.

हा अभंग मागाहून कुणी घुसवला असेल का, अशी शंका काही जण घेतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण ते पावशेर तूप. संप्रदायाची प्रतिष्ठा वाढवायला कुणी अभंग रचला असता, तर गुरूनं तूप मागितलं, शिष्य द्यायला विसरला आणि गुरू घाईत निघून गेले, असं लिहिलं असतं का? बनावट प्रसंगात गुरू तेजःपुंज असतात, शिष्य सेवेत चुकत नाही आणि आकाशातून फुलं पडतात. इथे एक अर्धवट राहिलेलं स्वप्न आहे आणि त्याची चुटपुट आहे. जुन्या कागदांत कर्त्याला अडचणीचा असलेला तपशील सापडला की तो खरा असण्याची शक्यता वाढते. इतिहासवाल्यांची ही जुनी कसोटी इथे चांगली लागू पडते.

शिवाय याच गोष्टीला गाथेतच दुसरा आधार आहे. आपल्या आयुष्याचा हिशेब तुकोबांनी ज्या मोठ्या अभंगात मांडलाय, त्यातही स्वप्नातला गुरूपदेश आपण मानला असं ते म्हणतात. त्या अभंगातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी संसारातली दुःखं, दुष्काळ, बायकोचा मृत्यू, धंद्यात खोट. मग देवळाची डागडुजी, एकादशीचं कीर्तन. मग स्वप्नातला उपदेश. त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती, आणि त्याच्याही पुढे वह्या बुडवण्याचा प्रसंग. म्हणजे उपदेश दुष्काळानंतर आणि कवितेच्या आधी. हा क्रम ध्यानात ठेवा, तिथीचं कोडं सोडवायला लागेल.

माघ शुद्ध दशमीला गुरुवार कधी येतो? ठरावीक तिथीला ठरावीक वार साधारण सात वर्षांतून एकदा येतो, कधी लवकर, कधी उशिरा. त्यामुळे नुसत्या तिथी-वारावरून साल ठरत नाही, फक्त उमेदवार मिळतात. अभ्यासकांच्या चर्चेत शके १५४१ आणि शके १५५४ ही दोन सालं येतात. (माघ महिना शक संपत आल्यावर येतो, म्हणून इसवी सन काढताना ७८ नाही, ७९ मिळवायचे. म्हणजे अनुक्रमे १६२० आणि १६३३. ही चूक छापील पुस्तकांतही दिसते.) आता तुकोबांचा क्रम लावा. मोठा दुष्काळ १६३० आणि १६३१ सालचा. उपदेश त्यानंतरचा असेल तर शके १५४१ बाद होतं. तुकोबांचा जन्म शके १५३० म्हणजे १६०८ चा धरला, तर १६२० मध्ये ते अकरा-बारा वर्षांचे पोर होते. तेव्हा ना संसार, ना खोट, ना दुष्काळ. ज्यांना शके १५४१ हवं असतं त्यांना जन्म मागे न्यावा लागतो, आणि तसा तो नेणारे विद्वान झालेही आहेत. पण मग अभंगातला दुष्काळही कुठला तरी वेगळा धरावा लागतो. माझ्या मते तुकोबांचा क्रम मोडण्यापेक्षा दुष्काळानंतरचं साल घेणं सरळ आहे. शके १५५४ त्यात बसतं. त्यापुढे तुकोबांच्या हयातीत अशी एक-दोन सालं आणखी येऊ शकतात, म्हणून "हेच साल" असं ठासून कुणी सांगत असेल तर जरा थांबा.

आता चरित्रांकडे येऊ. महीपतींनी "भक्तविजय" १७६२ मध्ये पुरा केला आणि "भक्तलीलामृत" १७७४ मध्ये. म्हणजे तुकोबा गेल्याला शंभराहून जास्त वर्षं झाली होती. चरित्रकार आणि कीर्तनकार यांच्या परंपरेत या प्रसंगाचं एक रूप पक्कं झालं: बाबाजी म्हणून स्वप्नात आले ते दुसरे कुणी नव्हते, प्रत्यक्ष पांडुरंगच ब्राह्मणाच्या रूपात आला. भक्ताच्या नजरेनं ते सुंदर आहे. पण अभंगाशी ताडून बघितलं तर अडतं. पांडुरंगानंच यायचं, तर राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही मालिका सांगायचं कारण काय? देवाला गुरुपरंपरा कशाला? आणि तुकोबांना तो पांडुरंग वाटला असता, तर ते म्हणायला ते कचरले असते का? नामदेवांबरोबर पांडुरंग स्वप्नात आल्याचं आणि कवित्वाचं काम नेमून दिल्याचं त्यांनी दुसऱ्या अभंगात स्पष्ट सांगितलंय. तिथे पांडुरंगाचं नाव आहे, इथे बाबाजीचं. दोन स्वप्नं वेगळी आहेत. चरित्रांनी ती एकमेकांत मिसळली, असं मला दिसतं.

पण चरित्रं उशिराची म्हणून बाजूला ठेवली तरी प्रश्न मिटत नाही. तुकोबांच्या दोन शिष्यांनी परंपरा लिहून ठेवलीय, आणि खरी गंमत तिथे आहे.

पहिल्या बहिणाबाई, शिऊरच्या. जन्म १६२८ चा. त्यांनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला, पण पुढे त्या नवऱ्याबरोबर देहूला येऊन राहिल्या आणि तुकोबांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. त्यामुळे त्यांची साक्ष समकालीन आहे. त्या परंपरा सांगतात ती आदिनाथापासून: मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, मग सच्चिदानंद, विश्वंभर, राघव, केशव, बाबाजी, तुकोबा. सुरुवातीला म्हटलेला पहिला तक्ता इथून आला.

दुसरे निळोबाराय, पिंपळनेरचे. हे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतरचे. ते सांगतात महाविष्णूपासून नारद, व्यास, आणि राघवचैतन्यांवर कृपा केली ती थेट व्यासांनी. मग केशव, बाबाजी, आणि स्वप्नात तुकोबा. आमच्या बुवांचा तक्ता हा.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवा आणि खालून वर वाचा. वरून खाली नको, खालून वर. तुकोबा, बाबाजी, केशव, राघव. इथपर्यंत दोघं अक्षरशः एक आहेत. राघवाच्या वर गेलात की एक वाट नाथांकडे जाते आणि दुसरी व्यासांकडे. आता तुकोबांचा अभंग आठवा. त्यांनी सांगितलेली मालिकाही राघवचैतन्यांवरच थांबते! म्हणजे तुकोबांनी जिथपर्यंत सांगितलं तिथपर्यंत शिष्यांत मतभेद नाही, आणि तुकोबा जिथे गप्प बसले तिथून प्रत्येकानं आपल्याला पटेल तसं वर जोडलं. मला या सगळ्या वादातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. शिष्यांकडे वेगळी माहिती असती, तर मतभेद अधेमधे कुठेही पडला असता. तो बरोबर त्या सांध्यावर पडलाय.

मग वरचा भाग खोटा का? "खोटा" हा शब्द मी वापरणार नाही, पण तो इतिहास म्हणून उभा राहत नाही एवढं दाखवता येतं. नाथांची वाट घ्या. आदिनाथापासून ज्ञानेश्वरांपर्यंतचा भाग पक्का आहे, कारण ज्ञानेश्वरांनी स्वतः ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आपली परंपरा तशीच दिलीय. ती त्यांच्याच तोंडची साक्ष. अडचण पुढच्या जोडणीत आहे. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. ज्ञानेश्वरी लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा त्यांच्याच काळातले. चैतन्यांच्या परंपरेत केशवचैतन्यांची ओतूरची समाधी शके १४९३ म्हणजे १५७१ ची मानतात. मधे २७५ वर्षं. आणि ज्ञानेश्वरांनंतर नावं किती? सच्चिदानंद, विश्वंभर, राघव, केशव. त्यातले सच्चिदानंद तर ज्ञानेश्वरांच्या बरोबरचेच. उरलेल्या तिघांवर पावणेतीनशे वर्षं वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला नव्वदच्या वर येतात. गुरुशिष्यांच्या एका पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरायची रीत आहे. साखळीतल्या बऱ्याच कड्या गळालेल्या आहेत, किंवा दोन वेगळ्या साखळ्या मागाहून जोडल्या आहेत. व्यासांच्या वाटेबद्दल तर गणित मांडायचीही गरज नाही.

(जाता जाता एक सावधगिरी. केशवचैतन्यांची समाधी इसवी सन १५७१ ची, आणि तुकोबांचं वैकुंठगमन शके १५७१ चं, म्हणजे १६५०. आकडा एकच. यावरून घसरलेले लेख मी वाचलेत.)

विश्वंभर या नावाचंही असंच. महीपतींनी सांगितलेल्या तुकोबांच्या घराण्याच्या कथेत मूळपुरुषाचं नाव विश्वंभरच आहे, ज्यांच्यामुळे विठ्ठल देहूला आला. हाच तो गुरुपरंपरेतला विश्वंभर, असं म्हणायचा मोह होतो. पण विश्वंभर हे देवाचं नाव, माणसांनाही सहज ठेवलं जाणारं. नाव सारखं यापलीकडे दोघांना जोडणारा पुरावा नाही.

नावसाधर्म्याचा याहून मोठा सापळा म्हणजे बंगालचे चैतन्य महाप्रभू. "तुकोबांची परंपरा चैतन्यांची, म्हणजे गौडीय वैष्णवांची" असं हौसेनं सांगणारे भेटतात. महाप्रभूंचा काळ १४८६ ते १५३३. ते पंढरपूरला येऊन गेल्याचं त्यांच्या बंगाली चरित्रात आहे. एवढं जुळलं की लोक उडी मारतात. पण तिकडे चैतन्य हे त्या एका पुरुषाचं नाव आहे, इकडे ते नावाच्या शेवटी लागणारं पद आहे: राघव-चैतन्य, केशव-चैतन्य. दशनामी परंपरेत शृंगेरी पीठाच्या ब्रह्मचाऱ्यांच्या नावाला चैतन्य लावतात, जसं द्वारकेच्या ब्रह्मचाऱ्यांच्या नावाला स्वरूप. त्यामुळे हे पद बघून बंगालकडे जाण्याआधी शृंगेरीकडे बघावं हे बरं.

आता राहिला एक प्रश्न, आणि तो खरंच अवघड आहे. केशवचैतन्य आणि बाबाजी दोन माणसं की एकच? चैतन्यांच्या परंपरेचं मोठं चरित्र म्हणजे निरंजनबुवांचा "चैतन्यकथाकल्पतरू". तो १७८७ चा, म्हणजे महीपतींच्याही नंतरचा. त्यात विश्वनाथ नावाचा गृहस्थ राघवचैतन्यांचा शिष्य होतो, केशवचैतन्य होतो, आणि बाबाजी हे त्याचंच दुसरं नाव. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराशेजारी जी समाधी आहे, ती याच परंपरेत मानली जाते. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी बघायला जाणाऱ्यांनी ती पाहिली असेल. तिला लोक बाबाजी चैतन्यांचीही म्हणतात आणि केशवचैतन्यांचीही.

दोघं एक मानले तर एक गोष्ट छान जुळते. गुरू १५७१ मध्येच समाधिस्थ झाले, तुकोबा जन्मले १६०८ मध्ये, मग उपदेश स्वप्नाखेरीज होणार कसा? पण जुळतं म्हणून खरं, असं होत नाही. बहिणाबाई आणि निळोबा दोघंही केशव आणि बाबाजी वेगळे मोजतात, आणि दोघंही निरंजनबुवांच्या आधीचे. अभंगाची रचनाही त्याच बाजूची आहे: मालिकेची खूण म्हणून दोन नावं, आणि त्यानंतर "आपलं" नाव वेगळं सांगितलेलं. केशव म्हणजे आपणच असते, तर आपलं नाव पुन्हा कशाला सांगायचं? म्हणून माझा कल तीन माणसांकडे आहे. पण तसं मानलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. केशव १५७१ मध्ये गेले, तर त्यांचे शिष्य बाबाजी पुढे बरीच वर्षं हयात असू शकतात. ओतूरची समाधी मग दोघांपैकी कुणाची? आणि बाबाजींची कीर्ती तुकोबांच्या कानावर लहानपणी आली असेल का? देहू ते ओतूर अंतर काही फार नाही.

हे सगळं कोरडं वाटेल, पण यावर लोक भांडतात, आणि भांडायचं कारण परंपरेत नसून जातीत आहे. "तुकोबांनासुद्धा ब्राह्मण गुरू करावाच लागला" असं एका बाजूला ऐकवलं जातं, तर दुसऱ्या बाजूला "बाबाजी वगैरे सगळं मागाहून चिकटवलेलं, तुकोबांना गुरूच नव्हता" असं. बाबाजींची जात अभंगात नाही. ब्राह्मणाचं रूप आलं ते चरित्रपरंपरेतून. आणि गुरू नव्हता म्हणणाऱ्यांना अभंगातलं बाबाजींचं नाव पुसावं लागतं. उलट, हेही विसरू नये की गुरुशिष्यपणाच्या प्रथेवर तुकोबांनी फार कडक बोलून ठेवलंय, ते अधमपणाचं लक्षण आहे इथपर्यंत. ज्ञानदेवांनाही त्यांनी गुरू म्हणून हाक मारलीय. आणि बाबाजींनी दिलेला मंत्र आपल्या आवडीचाच होता, असंही ते सांगतात. म्हणजे मंत्र आधीपासून ओठांवर होता, गुरूनं त्यावर हात ठेवला. साडेचार हजारांच्या आसपास अभंगांत बाबाजींचं नाव मोजक्या ठिकाणी येतं, विठ्ठलाचं जवळजवळ पानोपानी.

बहिणाबाईंना मात्र लांब परंपरा का लागली, हे मला समजू शकतं. त्या ब्राह्मण बाई, गुरू केला तो शूद्र, आणि घरात-गावात त्यावरून काय सोसावं लागलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. "तुझ्या गुरूचा गुरू कोण?" हा प्रश्न त्यांना किती वेळा विचारला गेला असेल! त्याला आदिनाथापर्यंत जाणारं उत्तर हाताशी असणं ही त्यांची गरज होती. तुकोबांना ती गरज कधी वाटल्याचं दिसत नाही.

तर त्या दोघा-तिघांना माझं उत्तर असं. तुकोबा, बाबाजी, केशवचैतन्य, राघवचैतन्य: एवढं तुकोबांच्या शब्दावर आणि दोन स्वतंत्र साक्षींवर उभं आहे. त्यापुढचं दोन्ही प्रकारे सांगतात, आणि सांगताना कुणाच्या मुखानं सांगतोय ते बोलावं. नाथ म्हणालात तर बहिणाबाई, व्यास म्हणालात तर निळोबा. ओतूर, जुन्नर किंवा आळंद भागातल्या कुणाच्या घरी किंवा मठात चैतन्यांच्या परंपरेची जुनी बाडं असतील, विशेषतः निरंजनबुवांच्या आधीची, तर कृपा करून कळवा. त्यांत केशव आणि बाबाजी एका ओळीत येतात की दोन, एवढंच मला आधी बघायचंय.